मीटरभर पट्टीचा झोका

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत बहुतेक ठिकाणी एक पितळी पट्टी असते. एक मीटर लांब, बोटभर रुंद आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर भोके पाडलेली. भिंतीतल्या आधारावर सुरीच्या पात्यासारखी एक पोलादी धार बसवलेली असते. पट्टीचे एकेक भोक त्या धारेवर अडकवायचे, पट्टीला हलकासा झोका द्यायचा आणि वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचे. मुले याला ‘बार पेंड्युलम’ म्हणतात. मी हा प्रयोग कितीतरी बॅचेसकडून करून घेतला आहे आणि दर वर्षी साधारण त्याच जागी कोणीतरी हात वर करते, ‘सर, माझं रीडिंग चुकलंय.’

ती जागा कोणती, ते सांगतो. शाळेत दोऱ्याला गोटी बांधून लंबक केलेला असतो. दोरा लांब केला की तो सावकाश झुलतो, आखूड केला की भरभर. हे मनात पक्के असते. आता पट्टी टोकाजवळच्या भोकात, म्हणजे मध्यापासून 49 सेंटिमीटरवर टांगली, तर वीस आंदोलनांना सुमारे 32.6 सेकंद लागतात. चाळिसाव्या सेंटिमीटरवर आलो की 31.3. एकोणतिसाव्यावर 30.5. आधार मध्याच्या जवळ येतोय, झोका जलद होतोय, सगळे अपेक्षेप्रमाणे. मग विसाव्या सेंटिमीटरवर घड्याळ 31.5 दाखवते. मुलाला वाटते, हात उशिरा दाबला गेला. दहाव्यावर 38.8 येतात. पाचव्या सेंटिमीटरवर तर थेट 52.6. पट्टी आता इतक्या आळसाने डोलते की मोजणाऱ्याला जांभई यावी. इथे मुले रबर हातात घेतात. मी त्यांना सांगतो, खोडू नका. पट्टी बरोबर आहे.

दोऱ्याच्या लंबकात सगळे वजन एका गोटीत असते. पट्टीत ते सगळीकडे पसरलेले आहे. फरक एवढाच, पण त्याने गणित पार बदलते.

झुलणाऱ्या पट्टीत दोन गोष्टींची ओढाताण चालू असते. पट्टी तिरकी झाली की गुरुत्वाकर्षण तिला पुन्हा सरळ करू पाहते. ही पिळवटून परत आणणारी ताकद आधार आणि गुरुत्वमध्य यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते. या अंतराला आपण d म्हणू. दाराची कडी बिजागरीपासून दूर असली की दार सहज उघडते, बिजागरीजवळ ढकलले तर जोर लागतो. तसेच इथे. d मोठा असेल तर गुरुत्वाकर्षणाला चांगली पकड मिळते. d अगदी लहान, म्हणजे पट्टी जवळजवळ मध्यावर टांगलेली, तर खालचा भाग जेवढा परत ओढतो जवळपास तेवढाच वरचा भाग उलट दिशेला ओढतो, आणि हाती फारसे काही उरत नाही. नेमकी मध्यावर टांगली तर पट्टी झुलतच नाही. ठेवाल त्या कोनात तशीच राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टीचा हट्ट. फिरणारी वस्तू फिरण्याला जो विरोध करते त्याला जडत्व आघूर्ण म्हणतात. कॉलेजात सगळे ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’च म्हणतात आणि I या अक्षराने दाखवतात. तो काढायची रीत सोपी आहे: वस्तूचा प्रत्येक कण घ्या, त्याचे वस्तुमान त्याच्या आसापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. अंतराचा वर्ग हा यातला कळीचा शब्द. दुप्पट लांबचा कण चौपट हट्टी असतो.

आपल्या पट्टीसाठी हे आकड्यांत पाहू. आधी पट्टी मध्याभोवती फिरते असे धरा. मध्यावरच्या कणाचे अंतर शून्य, टोकावरच्या कणाचे 50 सेंटिमीटर. टोकाच्या अंतराचा वर्ग 2500. सगळ्या कणांच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी काढली तर एकसारख्या पट्टीत ती 2500 च्या एक तृतीयांश येते, म्हणजे साधारण 833. पाठ्यपुस्तकात ‘एक-बारांश एम एल वर्ग’ असे सूत्र असते. 100 चा वर्ग भागिले 12 करून पाहा, तेच 833 येतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

पट्टी मध्यावर न टांगता d अंतरावर टांगली तर या सरासरीत d चा वर्ग मिळवायचा. याला समांतर अक्षांचे प्रमेय म्हणतात. म्हणजे हट्ट झाला 833 + d², आणि परत आणणारी पकड d. दोन्हीत पट्टीचे वस्तुमान सारखेच येते, त्यामुळे ते उडून जाते. पितळेची, सागवानाची किंवा अल्युमिनियमची, पट्टी एकसारखी आणि एक मीटरची असेल तर सगळ्या एकाच ठेक्यात झुलतात. पुस्तकातले सूत्र असे दिसते:

T = 2π√(I/mgd)

T म्हणजे एक जाऊन-येऊन आंदोलन व्हायला लागणारा वेळ, आवर्तकाल. मुले हे सूत्र पाठ करतात आणि आकडे भरतात. पण 833 + d² ला d ने भागा आणि काय उरते ते पाहा: d + 833/d. ही एक लांबी आहे. आपली पट्टी जितक्या लांब दोऱ्याच्या लंबकाइतकी सावकाश झुलते, ती ही लांबी. तिला तुल्य लांबी म्हणू.

आता रबर बाजूला ठेवता येते. पट्टी 49 वर टांगली तर तुल्य लांबी 49 अधिक 17, म्हणजे 66 सेंटिमीटर. पाचव्या सेंटिमीटरवर टांगली तर 5 अधिक 167, म्हणजे 172 सेंटिमीटर! एक मीटरची पट्टी पावणेदोन मीटरच्या दोऱ्यासारखी झुलते. दोन सेंटिमीटरवर टांगली तर चार मीटरच्याही वर जाते. 5 सेंटिमीटरचा खरा दोरा अर्ध्या सेकंदाच्या आत एक आंदोलन पुरे करील. पट्टीला त्याच जागी 2.63 सेकंद लागतात. तिची पकड संपलेली असते आणि 833 चा हट्ट तसाच असतो.

मी वर्गात फळ्यावर एक आयत काढतो. क्षेत्रफळ 833, एक बाजू d. मग दुसरी बाजू आपोआप 833/d, आणि तुल्य लांबी म्हणजे दोन लगतच्या बाजूंची बेरीज. आयत लांबुळका आणि चिंचोळा असला की ही बेरीज मोठी येते. क्षेत्रफळ तेच ठेवून बेरीज सर्वांत कमी कधी? आयत चौरस झाला की. 833 चे वर्गमूळ जवळजवळ 29. म्हणून पट्टी मध्यापासून 29 सेंटिमीटरवर सर्वांत जलद झुलते आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे मंदावते. तुल्य लांबी तिथे 58 सेंटिमीटरच्या किंचित आत असते. याहून जलद ही पट्टी कुठेही टांगली तरी झुलणार नाही.

त्याच आयतात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या विषयातली ती सर्वांत सुंदर गोष्ट आहे. 49 आणि 17 चा आयत आडवा ठेवा किंवा उभा, तो आयत तोच. पट्टी 49 वर टांगली तर तुल्य लांबी 49 + 17. पट्टी 17 वर टांगली तर 17 + 49. आवर्तकाल अगदी सारखा. आता एक भोक मध्याच्या एका बाजूला 49 वर घ्या आणि दुसरे विरुद्ध बाजूला 17 वर. या दोन भोकांमधले अंतर 66 सेंटिमीटर, म्हणजे थेट तुल्य लांबीच. पट्टी एका भोकावर टांगा, मग उलटी करून दुसऱ्यावर टांगा. दोन्हीकडे झोका एकाच वेळात पडत असेल, तर त्या दोन जागांमधले अंतर टेपने मोजायचे. 833 माहीत असायची गरज नाही, गुरुत्वमध्य कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही, पट्टी एकसारखी असायचीही गरज नाही.

हे प्रथम सिद्ध केले डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी. लंबकाचे घड्याळ त्यांचेच. 1673 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आधार आणि ही दुसरी जागा, जिला दोलनकेंद्र म्हणतात, यांची अदलाबदल करता येते असे दाखवलेले आहे. पण त्याचा मोजमापासाठी नीट उपयोग व्हायला जवळपास दीडशे वर्षे जावी लागली.

तो उपयोग करणाऱ्या माणसाचा भारताशी संबंध आहे. हेन्री केटर हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी. तरुणपणी ते दक्षिण भारतात विल्यम लॅम्बटन यांच्या हाताखाली सर्वेक्षणाचे काम करत होते. प्रकृती ढासळल्यावर ते इंग्लंडला परतले. 1817 साली त्यांनी लंडनमध्ये एक पितळी लंबक तयार केला. त्याला दोन पोलादी धारा होत्या, एकमेकींकडे तोंड केलेल्या, आणि मध्ये सरकवता येणारी लहान वजने. लंबक एका धारेवर झुलवायचा, उलटा करून दुसरीवर झुलवायचा, वजन किंचित सरकवायचे आणि पुन्हा मोजायचे. दोन्ही वेळा सारख्या येईपर्यंत हेच. मग धारांमधले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. लंडनमध्ये ज्या लंबकाची एक खेप, म्हणजे अर्धे आंदोलन, बरोबर एका सेकंदात होते, त्याची लांबी त्यांनी अशी काढली: 39.14 इंचांना थोडीशी कमी, आपल्या भाषेत 99.4 सेंटिमीटर.

या आकड्यावर ब्रिटिश संसदेने एवढा विश्वास टाकला की 1824 च्या मापांच्या कायद्यात तशी तरतूदच केली: यार्डाचा प्रमाणित दांडा कधी हरवला किंवा खराब झाला, तर सेकंदाच्या लंबकाची लांबी 39.1393 इंच धरून तो पुन्हा बनवावा. दहा वर्षांनी तशी वेळ आली. 1834 च्या ऑक्टोबरात संसदेची इमारत जळाली आणि प्रमाणित यार्डही त्यात गेला. पण तोवर लंबकावरचा विश्वास डळमळला होता आणि नवा यार्ड बनवताना जुन्या यार्डाच्या जपून ठेवलेल्या प्रतींचा आधार घेतला गेला.

विश्वास का डळमळला, याचे एक कारण पुन्हा जडत्व आघूर्णाशी येऊन थांबते. हवेत टांगलेल्या वस्तूला हवा किंचित वर उचलते, त्यामुळे पकड थोडी कमी होते. ही दुरुस्ती केटर यांनी केली होती. पण झुलणारा लंबक आपल्याबरोबर थोडी हवाही इकडून तिकडे नेत असतो. ती हवा लंबकाच्या हट्टात भर घालते, वजनात नाही. I वाढतो, पकड तशीच राहते, आणि झोका गणितापेक्षा मंद होतो. जर्मन खगोलज्ञ फ्रीड्रिख बेसेल यांनी 1820 च्या दशकात हे दाखवून दिले. कायद्यात छापलेल्या चौथ्या दशांश स्थळावर त्यामुळे विसंबता येईना.

केटर यांनी आणखी एक साधा प्रकार केला होता: एकाच धारेचा, काहीही न सरकणारा लंबक. त्यात I, m आणि d बदलत नाहीत, म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी नेल्यावर ठेका बदलला तर त्याचे कारण g, म्हणजे गुरुत्वत्वरण, एवढेच उरते. तापमानाने पितळ वाढते ती दुरुस्ती मात्र करावी लागते. 1865 पासून भारताच्या सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन जेम्स बसेव्ही असे लंबक घेऊन देशभर हिंडले. जुलै 1871 मध्ये लडाखच्या पठारावर हेच मोजमाप करत असताना त्यांचा मृत्यू झाला.

सर्वांत जलद झोक्याची जी जागा आपण पाहिली, तिचाही एक उपयोग झाला. 28, 29 आणि 30 सेंटिमीटरवर पट्टीचा आवर्तकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखाच, 1.526 सेकंद येतो. आलेखात तिथे वक्र सपाट असतो. म्हणजे धार झिजून आधार केसभर सरकला तरी ठेका बदलत नाही. जर्मनीतले माक्स शूलर यांनी 1920 च्या दशकात नेमक्या याच जागेवर टांगलेल्या लंबकाचे अचूक घड्याळ बनवले.

आता हे घरी करून पाहायचे असेल तर. हार्डवेअरच्या दुकानातून अल्युमिनियमची एक मीटर पट्टी कापून आणा. मध्य 50 वर येतो. तिथून एका बाजूला 49 आणि विरुद्ध बाजूला 17 सेंटिमीटरवर ड्रिलने बारीक भोक पाडून घ्या. दाभण किंवा पातळ खिळा टेबलाच्या कडेला घट्ट बसवा. तो हलला तर सगळेच हलते. पंखा बंद करा.

पहिली चूक इथेच होते. पट्टी भोकाच्या केंद्रावर टांगलेली नसते. तिचे वजन भोकाच्या वरच्या कडेवर पेललेले असते. म्हणून अंतर मोजायचे ते दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले. टोकाजवळ दोन मिलिमीटरचा फरक खपून जातो, मध्याजवळच्या भोकांवर तो निकाल बिघडवतो.

दुसरी चूक मोजण्याची. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणायचे, ‘एक’ नाही. ‘एक’पासून सुरुवात केली तर विसाव्या आकड्यापर्यंत एकोणीसच आंदोलने होतात. मोजायची खूण पट्टी सर्वांत खाली, सरळ असते तेव्हाची ठेवा, कारण तिथे ती सर्वांत वेगात जाते आणि क्षण नेमका पकडता येतो. टोकाला ती रेंगाळते.

तिसरी, झोक्याची. आपले सूत्र लहान झोक्यासाठीच आहे. पट्टी दोन्ही बाजूंना दहा अंशांपर्यंत गेली तर आवर्तकाल हजारात दोनच भागांनी वाढतो. तीस अंशांचा झोका दिला तर पावणेदोन टक्क्यांनी, म्हणजे वीस आंदोलनांत अर्ध्या सेकंदाहून जास्त.

समजा तुम्हाला दोन्ही भोकांवर 32.6 सेकंद मिळाले. आवर्तकाल 1.63, तुल्य लांबी 0.66 मीटर. g म्हणजे 4π² गुणिले 0.66 भागिले 1.63 चा वर्ग: 9.81. महाराष्ट्रात g खरा 9.79 च्या आसपास आहे. घड्याळाच्या बटणावर बोट सेकंदाच्या दहाव्या भागाइतके चुकले तरी उत्तर 0.06 ने हलते, म्हणून 9.75 ते 9.85 मध्ये काहीही आले तर ते चांगले काम समजा. हे सुधारायचे तर वीसऐवजी पन्नास आंदोलने मोजा. बोटाची चूक तेवढीच राहते आणि ती जास्त झोक्यांत वाटली जाते. g 10.9 आला तर तुम्ही ‘एक’पासून मोजले. 4.8 आला तर 49 आणि 17 ची बेरीज करायच्या ऐवजी वजाबाकी केली, म्हणजे दोन्ही जागा मध्याच्या एकाच बाजूला धरल्या. परीक्षेत ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे.

आणि दोन भोकांच्या वेळा सारख्या आल्या नाहीत, एक 32.6 आणि दुसरी 33.4 अशी आली, तर आकडे जुळवून लिहू नका. 17 च्या जागेवर किंचितही सरकले की वेळ झपाट्याने बदलते, टोकाजवळ तेवढी बदलत नाही. म्हणून आधी 17 चे भोक तपासा, मग पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची आहे का ते पाहा आणि पुन्हा शून्यापासून मोजा.